साडीमागे किती उरतात, हे जाहिरातीआधी मोजा

प्रश्न : मी सोलापूरची. गेली काही वर्षं व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि प्रदर्शनांत सुती साड्या विकते, आता स्वतःची वेबसाइट केली आहे. साडी जीएसटी धरून १,५७५ रुपयांना विकते, मला ती ७६० ला पडते, म्हणजे निम्मे उरतात. एका एजन्सीने सांगितलंय की महिन्याला ३० हजार रुपये इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिरातीत घाला, आमची फी १५ हजार, आणि रोआस किमान तीन आणून देऊ. फक्त पहिल्या ऑर्डरवर १० टक्के सूट ठेवा म्हणतात. तीन म्हणजे पैशाचे तिप्पट ना? करू का सही?
– एक साडीवाली

उत्तर : ताई, या आकड्यांवर सही करू नका. एजन्सी फसवते आहे असं मी म्हणत नाही. कदाचित ती खरोखर तीन आणून देईल, आणि तरीही महिनाअखेर तुमच्या खिशातून पैसे गेलेले असतील.

तीन रोआस म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे तीन रुपयांच्या ऑर्डरी आल्या. ऑर्डरी, नफा नव्हे. त्या तीन रुपयांतून सरकारचा कर, विणकराचे पैसे, कुरिअर आणि परत आलेली पार्सलं वजा झाल्यावर जाहिरातीचा एक रुपया तरी भरून निघतो का, हे पाहायचं. जेमतेम निघत असेल तर तो तुमचा ना नफा ना तोट्याचा रोआस. तो प्रत्येक मालाचा वेगळा असतो आणि जाहिरात सुरू करण्याआधी, घरी बसून वहीत काढता येतो. एजन्सीने तुमचा पडता भावही न विचारता तीनचा आकडा सांगितला असेल, तर तो तुमच्या धंद्याचा आकडा नाही.

तुमचा हिशेब मला असा दिसतो : १,५७५ ची साडी, ७६० ला पडते, ८१५ उरतात. १,५७५ भागिले ८१५ केलं की १.९३ येतात. म्हणजे दोनच्या वर सगळा नफा, आणि तीन तर दिवाळीच. हाच हिशेब बहुतेक जण करतात. त्याची गाठ सोडवू.

आधी जीएसटी काढा. साडीवर ५ टक्के आहे, तेव्हा १,५७५ मधले ७५ रुपये तुमचे नव्हेतच. तुमची विक्री १,५०० ची. ७६० हा विणकराच्या बिलातला जीएसटीशिवायचा भाव आहे असं मी धरतो. तो जीएसटीसकट असेल तर त्यातल्या कराचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, म्हणजे तो तुम्ही भरायच्या करातून वजा होतो, आणि हिशेब थोडा सुधारेल.

पुढचं गणित एका साडीवर करू नका, शंभर ऑर्डरींवर करा. एका साडीत परत येणारं पार्सल दिसत नाही, शंभरात दिसतं. तुमचं कुरिअरचं बिल माझ्यासमोर नाही, म्हणून खालचे दर मी धरून चालतो आहे. तुमच्या बिलातले दर त्यांच्या जागी घाला. फॉल-पिको ६० रुपये, पिशवी-खोका आणि पॅकिंग ४०, कुरिअर ९०, कॅश ऑन डिलिव्हरीचं शुल्क ४०, ऑनलाइन पैसे घेतले तर गेटवेचे सुमारे ३०, आणि पार्सल परत आलं तर परतीचे आणखी ९०. सगळे दर जीएसटीशिवायचे.

आता ऑर्डरी तीन प्रकारच्या होतात. ज्या गिऱ्हाइकाने आधीच पैसे भरले, त्याच्या साडीमागे १,५०० मधून ७६०, ६०, ४०, ९० आणि ३० वजा जाऊन ५२० रुपये उरतात. ज्याने दारात पैसे दिले, त्याच्यामागे ५१०. आणि ज्याने दार उघडलंच नाही किंवा ‘मी मागवलीच नव्हती’ म्हणून कुरिअरवाल्याला परत पाठवलं, त्याच्यामागे शून्य उरत नाही, उलट जातात. जाताना ९०, येताना ९०, वाया गेलेलं पॅकिंग ४०, आणि घडी मोडलेल्या साडीची पुन्हा इस्त्री, कधी एखादा डाग, यांचे सरासरी ५० धरले तर २७० रुपये बुडाले. साडी परत आली, म्हणजे माल वाचला असं आपण म्हणतो, पण पार्सलने वाटेत पैसे खाल्लेले असतात.

समजा शंभरातल्या ४० ऑर्डरी आधी पैसे भरलेल्या आहेत आणि ६० दारात पैसे देणाऱ्यांच्या. त्या ६० पैकी १५ परत आल्या, ४५ पोचल्या. मग ४० गुणिले ५२० म्हणजे २०,८००, ४५ गुणिले ५१० म्हणजे २२,९५०, आणि १५ गुणिले २७० म्हणजे ४,०५० वजा. उरले ३९,७००. शंभर ऑर्डरींना वाटले तर एका ऑर्डरमागे ३९७ रुपये. एक ऑर्डर आणायला जाहिरातीवर जास्तीत जास्त एवढेच घालवता येतील. हा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा, रोआसपेक्षा तो जास्त उपयोगी आहे.

आता हेच रोआसच्या भाषेत आणू. इथे एक खाच आहे, तिच्यात हिशेबाची माणसंसुद्धा अडकतात. इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिराती जिथून लावतात त्या Ads Manager मध्ये Purchase ROAS नावाचा जो रकाना दिसतो, तो ऑर्डर नोंदवली त्या क्षणाची रक्कम धरतो. साधारणपणे वेबसाइट जीएसटीसकटची पूर्ण किंमत पाठवते, आणि ती ऑर्डर पुढे परत आली तरी आकडा आपोआप कमी होत नाही. म्हणून भाग देताना वरती १,५०० घेऊ नका आणि फक्त पोचलेल्या ८५ साड्याही घेऊ नका. स्क्रीन जे मोजते तेच वर घ्यायचं, खाली मात्र खरोखर उरलेले पैसे.

```
ना नफा ना तोट्याचा रोआस = स्क्रीनवरची ऑर्डर-किंमत ÷ ऑर्डरमागे खरे उरलेले रुपये
१,५७५ ÷ ३९७ = ३.९७
```

१.९३ वाटत होतं, ते जवळजवळ चार निघालं. तीन रोआसने शंभर ऑर्डरींचा जाहिरातखर्च ५२,५०० होतो आणि तुमच्याकडे उरले ३९,७००. दर शंभर ऑर्डरींमागे १२,८०० रुपये तोटा, आणि एजन्सीच्या अहवालात मात्र हिरवा बाण. एकही पार्सल परत आलं नाही असं समजा, तरी आकडा ३.०६ येतो. म्हणजे तीन रोआस तुम्हाला कोणत्याच परिस्थितीत पुरत नाही.

एवढ्यावरही हिशेब संपत नाही, कारण जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. Ads Manager मधल्या खर्चात तो धरलेला नसतो, बिलात दिसतो. ‘त्याचं क्रेडिट मिळतं, तो खर्च नाही’ असं तुम्हाला एजन्सीही सांगेल आणि घाईत असलेला सीएही. तत्त्वतः बरोबर आहे. पण क्रेडिट वापरायला समोर तेवढा कर भरायचा असावा लागतो. तुमच्या ८५ साड्यांवर गिऱ्हाइकाकडून गोळा झालेला कर ६,३७५ रुपये. विणकराच्या बिलावरचा ५ टक्के आणि कुरिअरवरचा १८ टक्के मिळून साधारण ५,४०० चं क्रेडिट त्यातच वापरलं जातं. उरते जेमतेम हजाराची जागा. आणि ३९,७०० च्या जाहिरातीवरचा कर ७,१०० च्या पुढे! बाकीचे सहा हजार पोर्टलवरच्या क्रेडिट लेजरमध्ये दिसत राहतील, हातात येणार नाहीत. विक्रीवर कमी कर आणि खरेदीवर जास्त असेल तर परतावा मागता येतो हे खरं, पण तो मालावरच्या कराचा. सेवांवरच्या कराचा नाही, आणि जाहिरात ही सेवा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हा नियम कायम ठेवला.

५ टक्क्यांचा माल विकून १८ टक्क्यांची जाहिरात घेणाऱ्या प्रत्येकाची ही अडचण आहे आणि तिच्याविषयी फारसं कोणी बोलत नाही. प्रदर्शनातली विक्री याच जीएसटी नंबरवर असेल तर साचलेलं क्रेडिट तिथे थोडं वापरलं जाईल. तुमच्या सीएंना नेमका हाच प्रश्न विचारा : ‘जाहिरातीचं क्रेडिट याच वर्षात वापरलं जाईल का?’ ठाम ‘हो’ आलं नाही तर जाहिरातीचा रुपया १ रुपया १८ पैशांचा धरा. मग ३.९७ चा ४.६८ होतो, आणि ऑर्डरमागे स्क्रीनवर दिसणारा खर्च ३९७ ऐवजी ३३६ च्या आत ठेवावा लागतो.

आता एजन्सीच्या दोन अटींकडे येतो. आधी ती १० टक्के सूट. गिऱ्हाइकाला ती १५७ रुपयांची दिसते, म्हणून किरकोळ वाटते. पण विणकर, कुरिअर, फॉल यांपैकी कोणीही आपल्या दरात १० टक्के सोडत नाही, तेव्हा ती सगळी तुमच्या उरलेल्या पैशांतून जाते. जीएसटीशिवायची किंमत १,३५० होते, पोचलेल्या प्रत्येक साडीमागे १५० रुपये कमी उरतात, आणि शंभर ऑर्डरींचे ३९,७०० घसरून २६,९५० वर येतात. विक्री १० टक्क्यांनी घटली, पण उरलेला पैसा जवळजवळ एक तृतीयांशाने. कराचं सोडा, नुसता साधा ना नफा ना तोट्याचा रोआस ३.९७ वरून ५.२६ वर जातो. सूट दिल्याने ऑर्डरी वाढतात, हे कबूल. पण त्यामुळे ऑर्डरमागचा जाहिरातखर्च ३९७ वरून २७० च्या खाली येईल का, हा प्रश्न आहे, आणि तो एजन्सीने सोडवून दाखवायला हवा.

मग फी. ती रोआसच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. तुमचे ३० हजार करासकट ३५,४०० होतात, त्यात १५ हजार मिळवले की महिन्याचा खर्च ५०,४००. ऑर्डरमागे ३९७ उरतात, तेव्हा नुसती बरोबरी साधायला १२७ ऑर्डरी हव्यात. १२७ गुणिले १,५७५ म्हणजे दोन लाख रुपये, भागिले ३० हजार. रोआस ६.६७. सूट न देता. एजन्सी तीन देते आहे, तुम्हाला पावणेसात हवा आहे. मुद्दा एजन्सीच्या कौशल्याचा नाही, ३० हजारांच्या जाहिरातीवर १५ हजारांची फी हे प्रमाणच तुमच्या मालाला झेपत नाही. एवढ्या बजेटला एक-दोन महिने स्वतः जाहिरात लावून पाहणं परवडेल, किंवा फी पोचलेल्या ऑर्डरीमागे ठरवून घ्या. पोचलेल्या, नोंदवलेल्या नव्हे. हा शब्द करारात असू द्या.

परतीच्या आकड्याबद्दल सावध करतो, कारण सगळ्या हिशेबात तोच सर्वांत डळमळीत आहे. तुमच्या ग्रुपवरच्या बायका तुम्हाला ओळखतात, त्यांच्याकडून क्वचितच काही परत येत असेल. तो अनुभव इथे लावू नका. रात्री अकराला रील पाहताना ‘ऑर्डर करा’ दाबणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही, आणि दारात पैसे द्यायचे असल्याने त्याचं काही अडकलेलंही नसतं. ६० पैकी १५ ऐवजी ३० पार्सलं परत आली तर शंभर ऑर्डरींमागे २८,००० च उरतात आणि बरोबरीला लागणारा साधा रोआस ५.६ वर जातो. हे कळायला उशीरही होतो. ऑर्डर आज दिसते, पार्सल दोन-तीन आठवड्यांनी परत येतं. म्हणून पहिल्या आठवड्याचा रोआस नेहमी गोड असतो आणि त्या गोडीत लोक बजेट दुप्पट करतात. तुम्ही फक्त तीन आठवडे जुन्या झालेल्या ऑर्डरींचा हिशेब करा : वेबसाइटचे ऑर्डर नंबर कुरिअरच्या ‘डिलिव्हर्ड’ यादीशी जुळवायचे आणि मधली संख्या स्वतः मोजायची. परतीचं प्रमाण शंभरात १५ च्या पुढे गेलेलं दिसलं तर बजेट वाढवायच्या आधी दारात पैसे घेणाऱ्यांना ऑर्डर पक्की करण्याचा फोन किंवा शंभर रुपये आगाऊ, असं काही लावा.

स्क्रीनवरच्या आकड्याची अजून एक सवय ठाऊक असू द्या. जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत आणि नुसती पाहिल्यापासून एका दिवसात झालेली खरेदी, सेटिंग बदललं नाही तर, जाहिरातीच्याच नावावर जमा होते. तुमच्या ग्रुपमधली एखादी ताई तुमचा मेसेज वाचून साडी घ्यायला आली आणि त्याच दिवशी इन्स्टाग्रामवर तिला जाहिरात दिसली होती, तर ती विक्री जाहिरातीने आणली असं धरलं जातं. त्यामुळे महिन्याच्या शेवटी दुसरं साधं गणितही करा : वेबसाइटची एकूण विक्री जाहिरातीच्या आधीच्या महिन्यापेक्षा किती वाढली, आणि ती वाढ भागिले जाहिरातखर्च. दिवाळी-पाडव्याच्या महिन्याची तुलना श्रावणाशी करू नका, एवढं पथ्य पाळा.

जाहिरात लावण्याआधी एक चाचणी फुकटात होते. वेबसाइटवर येणाऱ्या शंभर जणांपैकी किती जण साडी घेतात, हे वेबसाइटच्या ॲनालिटिक्समध्ये दिसेल. समजा दीड. तर ३३६ गुणिले दीड भागिले शंभर, म्हणजे एका क्लिकला पाच रुपयांपेक्षा जास्त देणं तुम्हाला परवडत नाही. दोन-तीन हजार रुपयांची छोटी जाहिरात चालवून एका लिंक क्लिकला किती पडतात ते बघा. आठ पडत असतील तर तीस हजार घालून तेच उत्तर महागात कळेल. ओळखीच्या लोकांचं खरेदीचं प्रमाण अनोळखींपेक्षा जास्त असतं, तेव्हा दीडचा आकडाही ग्रुपमधल्या लिंकवरून आलेल्यांना वगळूनच काढा.

क्लिक महाग पडले तर किंमत वाढवा किंवा पार्सल मोठं करा. दोन साड्यांची जोडी १३५ रुपये कमी करून, म्हणजे ३,१५० ऐवजी ३,०१५ ला लावून पाहा. कुरिअर आणि पॅकिंग दुप्पट होत नाही. जाताना १३०, येताना १३०, पॅकिंग ५०, वसुलीचं किंवा गेटवेचं ६०, परतीच्या दोन साड्यांची खराबी १०० धरली, तर जीएसटी वजा जाता २,८७१ मधून पोचलेल्या जोडीमागे साधारण ९९० उरतात आणि परत आलेली जोडी ४१० बुडवते. परतीचं प्रमाण तेच धरलं तर ऑर्डरमागे ७८० रुपये. बरोबरीला लागणारा साधा रोआस ३.८७, एका साडीपेक्षा फार वेगळा नाही, आणि नुसता रोआस पाहणारा म्हणेल काय फरक पडला. फरक असा की एक गिऱ्हाईक आणायला तुमच्याकडे ३९७ ऐवजी ७८० रुपये आहेत, आणि महिन्याचे ५०,४०० भरून काढायला १२७ ऐवजी ६५ ऑर्डरी पुरतात. जोडी घेणारे अर्थात कमी निघतील, म्हणून दोन्हीच्या छोट्या जाहिराती शेजारी शेजारी चालवून बघा.

‘गिऱ्हाईक पुन्हा येईल, तेव्हा पहिल्या ऑर्डरीत तोटा चालतो’ असंही एजन्सी म्हणेल. चालतोही, कधी कधी. पण जाहिरातीतून आलेल्यांपैकी किती जणींनी सहा महिन्यांत दुसरी साडी घेतली, हे तुमच्या वहीत नसेपर्यंत तो पैसा हिशेबात धरू नका. प्रदर्शनातल्या जुन्या गिऱ्हाइकांची सवय या नव्या लोकांना लागू होईलच असं नाही.

एजन्सीला उत्तर द्यायचंच असेल तर हे चार आकडे पाठवा : ऑर्डरमागे उरणारे ३९७, करासकट पाहिलं तर स्क्रीनवरचे ३३६, फी धरून लागणारा रोआस ६.६७, आणि सूट नाही. त्यावर ते जे बोलतील त्यावरून त्यांना तुमचा धंदा कळला आहे की नाही ते कळेल. त्याआधी माझे धरलेले दर खोडून तुमच्या गेल्या दोन महिन्यांच्या कुरिअर बिलातले दर मात्र घाला, कारण कुरिअरचे दर वजनानुसार टप्प्याटप्प्याने बदलतात आणि फॉल लावलेली साडी खोक्यासकट वजनाला अर्ध्या किलोच्या टप्प्यात बसते की पुढच्यात जाते, यावरच ९० चे १२० होतात.